एमआरआयच्या काळ्या कोपऱ्यात काय दिसतं?

एमआरआयच्या चित्रात डोक्याबाहेर फक्त हवा असते. तिथून सिग्नल येत नाही, म्हणून तिथली प्रत्येक छटा म्हणजे निव्वळ नॉइज. अशा कोपऱ्यातला एक चौकोन निवडून त्याचा हिस्टोग्राम काढा. घंटेसारखा सममित आकार आला, तर गाउशियन मॉडेल. इथे मात्र आलेख शून्यापासून चढतो आणि उजवीकडे लांब शेपूट सोडतो. ती रेलीची खूण.

नुसत्या नजरेवर विसंबू नये. समजा, चौकोनाची सरासरी २५ आणि व्हेरियन्स १६९ आला. वर्गमूळ १३, आणि २५ भागिले १३ म्हणजे सुमारे १.९२. रेलीत हे गुणोत्तर १.९१ असतं, म्हणजे मॉडेल जुळलं. मूळ नॉइजचं प्रमाण विचलन मात्र १३ नव्हे. १३ भागिले ०.६५५, म्हणजे जवळपास २०. हा भागाकार विसरला, की नॉइज तिसऱ्या हिश्शाने कमी भरतो.

गुणोत्तर १.९१ पासून दूर गेलं, तर चौकोनात हालचालीची भूतप्रतिमा शिरली आहे का ते पाहा. अनेक कॉइलचे सिग्नल एकत्र केले असतील, तरीही रेली लागू पडेलच असं नाही. काही यंत्रं पार्श्वभूमी सरळ शून्य करतात. तिथे ही पद्धत वापरू नका.