पंपाचा वेग कोणी वाढवला?

समजा, रुग्णाच्या शिरेत औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाच्या सॉफ्टवेअरमध्ये कमाल वेग तासाला 999 मिलिलिटरवरून 1,200 वर नेला. का, आणि कोणाच्या मंजुरीने? तपासनीस हे विचारणारच. वैद्यकीय सॉफ्टवेअरसाठीचं 2006 सालचं आयईसी 62304 हे मानक प्रत्येक बदलाचा माग मूळ मागणीपर्यंत आणि मंजुरीपर्यंत लागावा, असं सांगतं.

गिटमधला कमिट म्हणजे रोजकीर्दीतली नोंद. पण नोंदीवर नुसतं ‘fix’ लिहिलेलं आणि चारशे ओळींची मांडणी नीट करता करता तो एक आकडाही बदललेला, तर तपासणाऱ्याची नजर चुकायला कितीसा वेळ? तेच काम दोन कमिटमध्ये केलं, तर दुसरा असा दिसतो:

```
CR-214: max rate 999 -> 1200 ml/h
```

सुरुवातीला बदल-विनंतीचा क्रमांक, आत तपासायला एकच ओळ.

ही आवराआवर मात्र मुख्य शाखेत जाण्याआधीच करायची. नंतर `git push --force` चालवून इतिहास बदलणं म्हणजे वहीचं पान फाडणं. म्हणून ती सोय सर्व्हरवर बंद ठेवतात. शिवाय कमिटवरचं नाव `user.name` मध्ये ज्याचं त्याने भरलेलं असतं, कोणीही कोणाचंही टाकू शकतो. त्यामुळे डिजिटल सही नसलेला कमिट पुरावा म्हणून लंगडाच.