चौदा वर्षांची नोकरी, वीस वर्षांचं पेन्शन

१८८८ च्या मार्च महिन्यात इंग्लंडहून दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. हिंदुस्थानातल्या लष्करी इस्पितळांमध्ये शुश्रूषेची नीट घडी बसवण्यासाठी त्यांना बोलावून घेतलं होतं. आजची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आपली सुरुवात तिथून मोजते. म्हणजे आपल्या सैन्यात बायका आल्या त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. त्या किती काळ राहणार, कुठवर चढणार आणि कुणाला हुकूम देणार, हे ठरायला मात्र फार वेळ लागला. आणि ते रणांगणावर कमी, कागदावर जास्त ठरलं.

परिचारिकांचंच घ्या. त्यांच्या खांद्यावर अधिकाऱ्याचे स्टार होते, पण १९७७ च्या एका लष्करी आदेशानुसार लग्न हे त्यांना सेवेतून कमी करण्याचं कारण ठरू शकत होतं. सेलिना जॉन या लेफ्टनंटने एका लष्करी अधिकाऱ्याशीच लग्न केलं आणि १९८८ मध्ये तिची नोकरी गेली. तो आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला, पण तिचा खटला चालूच राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला साठ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. लग्न केलं म्हणून फक्त बाईला घरी पाठवणारा नियम उघडउघड मनमानी आहे, असं न्यायालय म्हणालं. तोवर छत्तीस वर्षं उलटली होती.

डॉक्टरांची वाट त्या मानाने सरळ गेली. आर्मी मेडिकल कोअरमधल्या महिलांना १९५८ मध्येच पुरुषांसारखं पर्मनंट कमिशन मिळालं, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सेवा आणि बढतीची पूर्ण शिडी. त्याचं फळ दिसतं. पुण्याच्या एएफएमसीत शिकलेल्या पुनीता अरोरा २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. त्याच कॉलेजच्या डॉ. माधुरी कानिटकर २०२० मध्ये त्या पदावर पोहोचल्या, आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. शिडी पूर्ण असेल तर बायका वर जातात, याला वेगळा पुरावा लागू नये.

बाकीच्या सैन्यासाठी अडसर होता तो १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टच्या बाराव्या कलमाचा. केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या कोअरची नावं जाहीर करील तेवढ्यातच महिलेला घेता येईल, असं ते कलम सांगतं. म्हणजे नियम मनाईचा आणि प्रवेश हा अपवाद. पहिली मोठी अधिसूचना निघायला १९९२ उजाडलं. तीत टपाल, कायदा आणि शिक्षण शाखा होत्या, शिवाय ऑर्डनन्स आणि सर्व्हिस कोअरमधली काही ठरावीक कामं. वर्षअखेरीस सिग्नल्स, इंजिनिअर्स, इंटेलिजन्स अशी नावं वाढली. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अ‍ॅकॅडमीत पहिली तुकडी दाखल झाली, आणि १९९३ च्या मार्चमध्ये तिला कमिशन मिळालं.

हे कमिशन पाच वर्षांचं होतं. पुढे ते दहा वर्षांवर गेलं आणि मग चौदावर येऊन थांबलं. या चौदाच्या आकड्यातच सगळी मेख आहे. लष्करात अधिकाऱ्याला पेन्शन बसायला किमान वीस वर्षं सेवा लागते. बाविसाव्या वर्षी भरती झालेली मुलगी छत्तिसाव्या वर्षी मेजर किंवा लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडायची, मुलं शाळेत असताना आणि पेन्शनशिवाय. शॉर्ट सर्व्हिसवर पुरुषही यायचे. पण त्यांना दहाव्या वर्षी विचारलं जाई की पर्मनंट कमिशन हवं का. बाईला हा प्रश्नच विचारला जात नसे. त्याच अ‍ॅकॅडमीत शिकलेला, सेवेने कनिष्ठ असलेला पुरुष पुढे तिच्या युनिटचा प्रमुख व्हायचा आणि ती सामान बांधायची.

याविरुद्ध बबिता पुनिया या वकील महिलेने २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. नंतर सेवेतल्या अधिकारीही त्यात आल्या. मार्च २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे मूळ निकालाला स्थगिती मिळालेली नव्हती, तरीही अंमलबजावणी झाली नाही. दहा वर्षं गेली. त्या दहा वर्षांत किती जणींची चौदा वर्षं भरली असतील!

१७ फेब्रुवारी २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनी अंतिम निकाल दिला. सरकारचं म्हणणं होतं की बाईची शारीरिक क्षमता कमी असते आणि तिच्यावर बाळंतपणाची, मुलांची जबाबदारी असते. शिवाय जवान बहुतेक खेड्यांतून आलेले, ते बाईचा हुकूम मनापासून मानणार नाहीत. यातला शेवटचा मुद्दा मला सगळ्यात खटकतो. जवान हुकूम मानतो तो खांद्यावरच्या हुद्द्याचा, आणि हे त्याला लष्करानेच शिकवलेलं असतं. न्यायालयाने हे सगळे युक्तिवाद लिंगाधारित पूर्वग्रहातून आलेले ठरवले. ज्या दहा शाखांत महिला शॉर्ट सर्व्हिसवर होत्या, त्या सगळ्यांत पर्मनंट कमिशनचा विचार करा, असा आदेश दिला. महिलांना फक्त कार्यालयीन नेमणुका द्यायच्या, कमांड द्यायची नाही, ही अटही गेली.

पण कागदाची लढाई इथे संपली नाही. लेफ्टनंट कर्नल नितीशा विरुद्ध भारत सरकार हे पुढचं प्रकरण तपशिलात बघण्यासारखं आहे, कारण दिसायला समान असलेला नियम अन्याय कसा करतो ते त्यात लख्ख दिसतं.

निकालानंतर लष्कराने निवड मंडळ बसवलं आणि निकष तेच ठेवले, जे पुरुषांना होते. पहिला निकष वैद्यकीय. लष्करात तंदुरुस्तीची ‘शेप’ नावाची श्रेणी असते. मानसिक स्थिती, कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि डोळे अशा पाच गोष्टी तपासतात, आणि सगळं निर्दोष असेल तर ‘शेप-वन’. पुरुषाला ही पातळी गाठावी लागे ती पर्मनंट कमिशनच्या वेळी, म्हणजे पंचविशी-तिशीत. पुढे गुडघा दुखावला, रक्तदाब वाढला, तरी मिळालेलं कमिशन जात नसे. ही तपासणी ज्या महिलांच्या वाट्याला आली, त्यांतल्या अनेक जणी तेव्हा चाळिशीत, पंचेचाळिशीत होत्या. वेळेवर विचार न झाल्यामुळे त्या तिथवर आल्या होत्या, आणि आता त्यांच्याकडून तिशीतल्या शरीराची अपेक्षा होती.

दुसरा निकष वार्षिक गोपनीय अहवालांचा. पुरुषांचे सेवेच्या पहिल्या काही वर्षांचे अहवाल बघतात, म्हणून महिलांचेही तेवढेच बघितले. पण ते लिहिले गेले तेव्हा या अधिकाऱ्यांपुढे पर्मनंट कमिशनचा पर्यायच नव्हता. जिला चौदा वर्षांनी जायचंच आहे, तिच्या अहवालात वरिष्ठ कशाला जीव ओतेल? पुढच्या वर्षांतली पदकं, परदेशी मोहिमा, अवघड नेमणुका या सगळ्या हिशेबाबाहेर राहिल्या. वर महिलांचे गुण त्यांच्या तुकडीतल्या निवड झालेल्या शेवटच्या पुरुषाच्या गुणांशी ताडून पाहिले.

मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. वैद्यकीय पात्रता त्या-त्या अधिकारीच्या सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षाची धरा, आणि निवडीचा फेरविचार करा, असं सांगितलं. नियमात ‘बाई’ हा शब्द कुठेच नव्हता, तरी तो बाईलाच नडत होता, एवढं मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांची गरज पडली.

परिणाम लवकर दिसला. जानेवारी २०२३ मध्ये विशेष निवड मंडळाने महिलांसाठी कर्नलची १०८ पदं भरायला घेतली. कर्नल म्हणजे युनिटचा प्रमुख. हाताखाली शेकडो जवान, त्यांच्या रजा, शिस्त, शस्त्रं आणि वेळ आली तर लढाई. ही कमांड केल्याशिवाय पुढची बढती जवळपास अशक्य. म्हणूनच तो ‘कमांड नको’चा नियम पेन्शनइतकाच घातक होता.

आता लढाईविषयी. हवाई दलाने लढाऊ विमानांचा दरवाजा उघडला आणि जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या पहिल्या लढाऊ वैमानिक झाल्या. तोफखान्यात एप्रिल २०२३ मध्ये पहिल्या पाच जणी आल्या. या शाखेची मोठी प्रशिक्षण संस्था आपल्या देवळालीत आहे. पण पायदळ, रणगाडा दल आणि यांत्रिक पायदळ या शाखा महिला अधिकाऱ्यांना अजून बंद आहेत. २०२० च्या खटल्यात तो मुद्दाच नव्हता.

लढणारी आणि न लढणारी शाखा ही रेघ युद्ध पाळत नाही. २६ फेब्रुवारी २०१० रोजी काबूलमध्ये भारतीय राहत असलेल्या ठिकाणांवर दहशतवाद्यांनी हल्ला केला. मेजर मिताली मधुमिता तिथे होत्या, त्या शिक्षण शाखेच्या. अफगाणांना इंग्रजी शिकवण्यासाठी पाठवलेल्या. नि:शस्त्र असताना त्या घटनास्थळाकडे धावल्या आणि ढिगाऱ्याखालून सहकाऱ्यांना बाहेर काढायला लागल्या. त्यांना शौर्यासाठी सेना मेडल मिळालं, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. कारगिलमध्ये चीता हेलिकॉप्टरमधून जखमींना आणणाऱ्या गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांचं कामही कागदावर लढाऊ नव्हतंच. खाली डोंगरावर शत्रू होता.

राहिली ती प्रवेशाची पहिली पायरी. पर्मनंट कमिशनची सरळ वाट पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएतून जाते, आणि बारावीनंतरची ती परीक्षा फक्त मुलांसाठी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन मुलींना त्याच वर्षी परीक्षेला बसू दिलं. पुढच्या वर्षी १९ मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ जणी तीनशेहून अधिक मुलांसोबत दीक्षान्त संचलनात खेत्रपाल मैदानावरून गेल्या.

त्यांच्यापुढची शिडी किती लांब आहे, हे एका मराठी माणसाच्या कारकिर्दीवरून मोजता येतं. नागपूरचे मनोज पांडे एनडीएतून निघाले आणि डिसेंबर १९८२ मध्ये बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर्सच्या दलात अधिकारी झाले. एप्रिल २०२२ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. इंजिनिअर्समधून तिथवर पोहोचलेले ते पहिलेच. त्या प्रवासाला एकोणचाळीस वर्षं लागली, आणि वाटेत रेजिमेंटची, ब्रिगेडची, डिव्हिजनची, कोअरची कमांड करावी लागली. इंजिनिअर्स ही शाखा मुलींना १९९२ पासून खुली आहे, पण चौदा वर्षांत हा रस्ता कुणालाच संपवता आला नसता. एनडीएच्या या पहिल्या मुलींपैकी कुणी त्याच वेगाने चढत गेली, तर तिची वेळ २०६५ च्या सुमारास येईल.