सकाळचा हिशेब आणि अपुरा दिवस

आपल्यापैकी बऱ्याच दुकानदारांनी आता रोजमेळाची वही सोडून संगणकावर हिशेब ठेवायला सुरुवात केली आहे. बिले मोबाईलवर किंवा काउंटरवरच्या संगणकावर फुटतात, रात्रीतून ती एका तक्त्यात जमा होतात आणि पहाटे पाच-सहाच्या सुमारास तक्ता आपोआप ताजा होऊन मालकाच्या मोबाईलवर येतो. सोय चांगली आहे. पण या पहाटेच्या हिशेबात एक चूक हमखास शिरते. तिच्यामुळे चांगला चाललेला धंदा कागदावर पडता दिसू लागतो. ही चूक अशी की, नुकताच उजाडलेला आजचा दिवसही संगणक पूर्ण दिवस म्हणून मोजतो.

वहीच्या काळात हा प्रश्न नव्हता. रात्री दुकान वाढवताना गल्ला मोजला, उधारी मांडली, शिल्लक पुढे ओढली आणि मग त्या दिवसाखाली रेघ मारली. रेघ मारल्याशिवाय तो दिवस बेरजेत धरायचा नाही, हे मुनीमजींना सांगावे लागत नसे. संगणक मात्र कोणी न सांगता, पहाटेच, आजच्या तारखेखालीही रेघ मारून मोकळा होतो.

उदाहरण बेकरीचे घेऊ, कारण कापडाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात पहाटे विक्रीच नसते; तिथे आजची ओळ उगवतच नाही आणि चूक क्वचितच दिसते. समजा, वर्धा जिल्ह्यातील आपल्या सेलूत (परभणीच्या नव्हे) एका भावाची बेकरी आहे. पाव, टोस्ट, खारी असा माल. नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या दोन-तीन हॉटेलांना पहाटे चारपासून माल जातो आणि बिल तेव्हाच फुटते. मागच्या सोमवारपासून रविवारपर्यंतची विक्री अशी धरा: ९,२००, ८,७००, ९,०००, ९,४००, ८,१००, ९,६०० आणि १०,४०० रुपये. एकूण ६४,४००. सातांनी भागले की रोजची सरासरी बरोबर ९,२०० रुपये.

आता नवा सोमवार उजाडला. ५ वाजून ४० मिनिटांनी तक्ता ताजा झाला. तोवर हॉटेलांची बिले मिळून १,४०० रुपये झाले होते. तक्त्याला 'शेवटच्या सात दिवसांची सरासरी' काढायला सांगितलेले असते, म्हणून तो मागच्या सोमवारचे ९,२०० काढून टाकतो आणि त्या जागी आजचे १,४०० बसवतो. बेरीज ५६,६०० झाली, सरासरी ८,०८६. एका रात्रीत सरासरी बारा टक्क्यांनी खाली! विक्री एका पैशाने कमी झालेली नाही.

मालक याच आकड्यावर दुसऱ्या दिवसाचा मैदा काढत असेल, तर पन्नास किलोच्या पोत्यामागे तो सहा किलो कमी भिजवील. दुपारी चारला पाव संपेल, संध्याकाळचे गिऱ्हाईक शेजारच्या बेकरीत जाईल आणि विक्री मग खरोखरच घटेल. पुढच्या आठवड्याचा तक्ता आणखी कमी आकडा दाखवील आणि मालकाला वाटेल, तक्त्याने आधीच बजावले होते. खोटा आकडा असा खरा होत जातो. चूक रोज तेवढीच होत असल्याने ती नजरेतही भरत नाही. ओळखायची एकच खूण आहे: विक्रीचा आलेख काढला तर त्याचे शेवटचे टोक रोज सकाळी खाली कोसळलेले दिसते आणि दुसऱ्या दिवशी तीच तारीख पुन्हा वर गेलेली असते.

हाच तक्ता रात्री अकराला ताजा केला असता तर दिवस जवळजवळ संपलेला असता आणि फरक शे-दोनशे रुपयांचा राहिला असता. म्हणूनच अनेकांचा तक्ता वर्षभर ठीक चालतो आणि वेळ पहाटेची करताच बिघडतो.

उपाय सोपा आहे. बेरीज कालपर्यंतचीच करायची. गूगल शीटमध्ये पहिल्या रकान्यात (A) बिलाची तारीख व वेळ आणि तिसऱ्यात (C) रक्कम असेल, तर सात पूर्ण दिवसांची सरासरी अशी मिळते:

```
=SUMIFS(C:C, A:A, ">="&TODAY()-7, A:A, "<"&TODAY())/7
```

यात `TODAY()` म्हणजे आजच्या तारखेची मध्यरात्र. तिच्या आधीचे सर्व घ्या, तिच्यापासून पुढचे घेऊ नका, एवढेच हे सूत्र सांगते. दोन ठिकाणी मात्र हात चुकतो. आज वगळायचा म्हणून वरची हद्द बदलली, पण खालची पूर्वीची `TODAY()-6` तशीच राहिली, तर हातात सहाच दिवस उरतात आणि भागाकार सातानेच होतो. सरासरी पुन्हा खाली. दुसरी चूक अधिक फसवी आहे. काही जण 'कालपर्यंत' म्हणजे `"<="&TODAY()-1` असे लिहितात. वाचायला ते बरोबर वाटते. पण रकान्यात तारखेसोबत वेळही असेल, तर `TODAY()-1` म्हणजे कालची मध्यरात्र, म्हणजे कालचा दिवस सुरू होण्याचा क्षण. त्यानंतर काल दिवसभर फुटलेली सगळी बिले बाहेर पडतात. आज काढायला गेलो आणि कालही गेला. म्हणून 'आजच्या आधी' हीच भाषा वापरावी.

आजची बिले तक्त्यातून पुसून मात्र टाकू नयेत. ती तशीच राहू द्यावीत, फक्त बेरजेत धरू नयेत. उद्या तीच लागणार आहेत.

आता घड्याळाचा प्रश्न. 'आज' केव्हा सुरू होतो? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. चांदाची तारीख मगरिबला बदलते, इंग्रजी तारीख रात्री बाराला. हवामान खात्याचा पावसाचा दिवस तर सकाळी साडेआठला बदलतो. आज साडेआठला मोजलेला पाऊस आधीच्या चोवीस तासांचा असतो आणि तो आजच्या तारखेखाली लिहिला जातो. कापसाचा व्यापार करणाऱ्यांनी पावसाचे आकडे आपल्या आवकेच्या आकड्यांशी जुळवताना हे ध्यानात ठेवावे. संगणकाचाही एक स्वतःचा दिवस असतो. बिलाचा प्रोग्राम ज्या दूरच्या यंत्रावर चालतो, त्याचे घड्याळ बहुतेक वेळा जागतिक वेळेवर, म्हणजे `UTC` वर लावलेले असते. भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. म्हणून त्या यंत्राची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजता बदलते.

पहाटे काम करणाऱ्यांसाठी हे साडेपाच फार महत्त्वाचे आहे. तक्ता पाच वाजता ताजा झाला, तर त्या यंत्राच्या मते अजून कालचीच तारीख चालू आहे. आपण त्याला सांगितले, 'आजचा दिवस सोड.' त्याने इमानाने काल अख्खा सोडला. हिशेब परवापर्यंतचाच आला. तोच तक्ता सहा वाजता ताजा झाला तर तारीख बरोबर असते. गूगलमध्ये पहाटेचे काम आपोआप चालवायला वेळ ठरवताना '५ ते ६' असा तासच निवडता येतो. त्या तासात नेमके कोणत्या मिनिटाला काम होईल ते गूगल ठरवते. म्हणजे साडेपाचच्या अलीकडे की पलीकडे, हे नशिबावर.

याची एक चमत्कारिक खूण आहे. पहाटे मोबाईलवर आलेला आकडा वेगळा आणि आठ वाजता दुकानात बसून तोच तक्ता उघडला की आकडा वेगळा. मालक म्हणतो मोबाईल खोटा, मुलगा म्हणतो तक्ता खोटा. दोघेही चूक. मधल्या काळात यंत्राची तारीख बदललेली असते, इतकेच. यासाठी शीटमध्ये `File` मधील `Settings` उघडून `Time zone` भारताचा आहे की नाही ते पाहावे. आपोआप चालणाऱ्या कामाची वेळ वेगळी नोंदलेली असते, तीही तपासावी. प्रोग्राम दुसऱ्याचा असेल तर देणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: तुमचा दिवस आमच्या किती वाजता सुरू होतो? आणि तक्त्याच्या माथ्यावर हिशेब कुठवरचा आहे ते छापावे:

```
=MAXIFS(A:A, A:A, "<"&TODAY())
```

सूत्राचा कोश तारखेच्या स्वरूपात ठेवला की बेरजेत आलेल्या शेवटच्या बिलाची तारीख त्यात दिसते. ती कालची नसेल, आणि काल दुकान बंदही नसेल, तर आकड्यावर विश्वास न ठेवता आधी कारण शोधावे. कधी कधी फेरीवर गेलेल्या मुलाच्या मोबाईलला रेंज नसते आणि त्याची बिले दुसऱ्या दिवशी दुपारी चढतात. तेव्हा काल म्हणजेसुद्धा पुरा दिवस नसतो. म्हणून जुळवणी करताना कालचाच नव्हे, मागच्या तीन-चार दिवसांचा आकडा नव्याने काढणे बरे.

शेवटी रमजानचे. त्या महिन्यात बेकरीचा दिवस रात्री बाराला संपत नाही. सहरीपर्यंत गिऱ्हाईक असते. मध्यरात्रीची हद्द ठेवली तर एकाच रात्रीची विक्री दोन तारखांत चिरली जाते आणि पहाटेच्या तक्त्यात तिचा अर्धा भाग 'आज' म्हणून वगळला जातो. त्या महिन्यापुरता दुकानाचा दिवस सकाळी सहाला बदलावा. प्रत्येक बिलासमोर एका रकान्यात पहिले सूत्र लिहिले की सहाच्या आधीचे बिल आदल्या दिवसात जाते. दुसरे सूत्र `TODAY()` च्या जागी वापरावे:

```
=INT(A2-6/24)
=INT(NOW()-6/24)
```

सरासरीच्या सूत्रात मग तारखेची अट A ऐवजी या नव्या रकान्यावर लावावी आणि तक्ता सहानंतर, समजा सातला, ताजा करावा. बिलावरची तारीख मात्र छापली जाईल तीच राहील. जीएसटीच्या कामाला तीच लागते. हा बदल फक्त आपल्या घरच्या हिशेबापुरता.

चांदरातीला हे सर्वांत जास्त जाणवते. त्या रात्री इशापासून फजरपर्यंत दुकान भरलेले असते आणि ईदच्या दिवशी बंद. जुन्या पद्धतीने मध्यरात्रीनंतरची सगळी विक्री ईदच्या तारखेवर पडते. पुढच्या वर्षी किती माल भरावा म्हणून तक्ता उघडला, तर बंद असलेल्या दुकानाची विक्री मोठी आणि चांदरातीची अर्धीच दिसते.