पीप्सची रविवारची नोंद

सॅम्युअल पीप्सने १६६० ते १६६९ या काळात लंडनमध्ये लिहिलेली रोजनिशी शेल्टन पद्धतीच्या लघुलिपीत आहे. स्वराला त्यात बहुधा वेगळी खूण नसते; पुढच्या व्यंजनाची खूण वर, मध्ये की खाली काढली, यावरून तो ओळखायचा. शाईचा फराटा जरा सरकला की शब्द बदलला. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजातले रोजनिशीचे सहा खंड जॉन स्मिथ या विद्यार्थ्याने १८१९ ते १८२२ मध्ये उतरवले. त्या लघुलिपीचं पुस्तक पीप्सच्याच ग्रंथसंग्रहात होतं, हे स्मिथला कोणी सांगितलं नाही! पुढे लॉर्ड ब्रेब्रुक यांनी बरीच काटछाट करून १८२५ साली ती छापली. संपूर्ण पाठ छापून यायला सुरुवात व्हायलाच १९७० उजाडावं लागलं.

उतरवणं आणि आटोपशीर करणं ही दोन कामं एकाच बैठकीत करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आधी अक्षरशः नक्कल: चुकीचं शुद्धलेखन तसंच, न लागलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह, शेजारी पानाचा क्रमांक. संक्षेप वेगळ्या वहीत.

तारखेचा घोळ मोठा. पीप्सच्या इंग्लंडात जुनी पंचांगपद्धत होती, युरोपातल्या नव्या पद्धतीहून दहा दिवस मागे. २ सप्टेंबर १६६६ ला त्याने रविवार नोंदवलाय. आजच्या पद्धतीने मागे मोजलं तर गुरुवार येतो. म्हणून मूळ तारीख जशीच्या तशी ठेवून बदललेली कंसात द्यावी, आणि वार जुळतो का ते मूळ पद्धतीनेच पडताळावं. आपल्याकडच्या शकाच्या वह्यांतही तसंच: शके १८४१ चा पौष डिसेंबर १९१९ मध्ये सुरू होऊन जानेवारी १९२० मध्ये संपतो.

आता त्या रविवारचा संक्षेप. ‘लंडनच्या महाआगीला सुरुवात’ असं लिहायचा मोह होतो. पण पहाटे तीनला मोलकरीण जेनने उठवलं, पीप्सने खिडकीतून पाहिलं, आग लांब आहे असं वाटून तो पुन्हा झोपला. ‘महाआग’ हे आपलं नंतरचं ज्ञान. ते नोंदीत घुसलं की त्याची ती झोप वेडगळ दिसते. मी असं लिहीन:

‘२ सप्टेंबर १६६६, रविवार. पहाटे ३ ला जेनकडून आगीची खबर. लांब वाटून परत झोप. सकाळी ३०० हून अधिक घरं जळाल्याचं जेन सांगते. टॉवरवरून पाहणी. व्हाइटहॉलला राजाची भेट. वाटेतली घरं पाडण्याचा हुकूम महापौरांना पोचवला.’

तीनशेचा आकडा जेनच्या नावावरच राहू द्यावा. तिने तो ऐकून सांगितला होता, पीप्सने मोजला नव्हता. नोंदीचा मजकूर त्याचाच. आपल्याला काही जोडायचंच असेल तर ते तळटीपेत.

काय गाळायचं, हे एकाच दिवसावरून ठरवू नये. ४ सप्टेंबरला पीप्सने बागेत खड्डा खणून दारू आणि परमेसान चीज पुरलं. घाईच्या संक्षेपात चीज पहिलं उडतं. आग घरापर्यंत येणार, याची त्या वेळी त्याला किती धास्ती होती, ते मात्र त्या खड्ड्यावरूनच कळतं. म्हणून महिनाभराची नक्कल वाचून झाल्यावरच पहिल्या तारखेच्या संक्षेपाला हात घालावा.