व्हिनेगरचा स्थिरांक, चार थेंबांच्या आधारे

घरातलं पांढरं व्हिनेगर म्हणजे पाण्यात चार-पाच टक्के ॲसिटिक आम्ल. ते दहापट पातळ केलं, तर त्यातल्या आम्लाच्या शंभर रेणूंपैकी जेमतेम दीड-दोन रेणू आपला हायड्रोजन आयन पाण्यात सोडतात, बाकीचे जसेच्या तसे राहतात. म्हणूनच ते सौम्य आम्ल. हा सौम्यपणा ज्या आकड्यात मोजतात तो विचरण स्थिरांक. सुट्टे हायड्रोजन आयन गुणिले ॲसिटेट आयन, भागिले न फुटलेलं आम्ल, असा तो हिशेब. सगळं संहतीत मोजायचं.

यातलं न फुटलेलं आम्ल आणि ॲसिटेट वेगवेगळं मोजणं किचकट. पण दोन्ही सारखीच असतील, तर वरचं-खालचं कटतं आणि उरतात फक्त हायड्रोजन आयन. ते तर पीएच मीटर सांगतोच. (हा पीएच म्हणजे माती तपासणीच्या कागदावरचा सामू.) म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की आम्ल आणि ॲसिटेट नेमकं निम्मं-निम्मं कधी होतं?

त्यासाठी टायट्रेशन. पातळ केलेलं २५ मिलिलिटर व्हिनेगर बीकरमध्ये घ्यायचं, पीएच मीटरचा इलेक्ट्रोड त्यात बुडवायचा आणि ब्युरेटमधून कॉस्टिक सोड्याचं द्रावण थोडं थोडं सोडायचं. सोड्याचा प्रत्येक कण आम्लाचा एक रेणू संपवतो आणि त्याजागी ॲसिटेट तयार करतो. आम्ल पूर्ण संपलं की तुल्यबिंदू. त्याला लागला त्याच्या निम्मा सोडा पडला असेल, तेव्हा निम्मं आम्ल ॲसिटेट झालेलं असणार. तोच अर्धतुल्यबिंदू.

चार टक्क्यांचं व्हिनेगर आणि ०.१ मोलरच्या आसपासचा सोडा घेतला, तर आकडे साधारण असे पडतात. सुरुवातीला पीएच ३. चार मिलिलिटरला ४.२. पुढे तो रेंगाळतो. ७.४ ते ९.४ या अख्ख्या दोन मिलिलिटरमध्ये, म्हणजे चाळीसेक थेंबांत, तो ०.२ ने वाढतो. १६ मिलिलिटरला ६. मग १६.७ ला ६.९ आणि १६.९ ला थेट १०.४! चार थेंबांत साडेतीन अंकांची उडी. तुल्यबिंदू या उडीच्या मधोमध, १६.८ वर. त्याच्या निम्मे ८.४. वहीत मागे जाऊन ८.४ समोरचा पीएच पाहायचा: ४.६९.

`Ka = 10^(-4.69) ≈ 2.0 × 10^(-5)`

मला या पद्धतीतली सगळ्यात आवडती गोष्ट ही, की व्हिनेगर किती टक्क्यांचं आणि सोडा नेमका किती मोलर, हे यात कुठेच लागलं नाही. लागलं फक्त ‘निम्मं’. शिवाय हा बिंदू वक्राच्या सपाट भागात येतो, त्यामुळे ब्युरेट वाचताना तुल्यबिंदू ०.४ मिलिलिटरने चुकला तरी उत्तरातला पीएच ०.०२ नेच हलतो. मीटरची चूक मात्र पदरात जशीच्या तशी पडते. तो ०.१ ने चुकला, तर स्थिरांक पाव हिश्श्याने चुकलाच. एकदा माझं उत्तर ४.९ आलं, तेव्हा तासभर ब्युरेटला दोष देत बसलो. नंतर कळलं, की मीटर फक्त ७ च्या बफरवर लावला होता. मोजायचं आहे पावणेपाचच्या आसपास, तर ४ आणि ७ अशा दोन्ही बफरांवर तो लावून घ्यायला हवा.

पुस्तकात मात्र २५ अंश सेल्सिअसला ४.७६ दिलेलं असतं, आणि आपलं उत्तर ४.६९. ही चूक नव्हे. पुस्तकातला आकडा अतिशय विरळ द्रावणासाठीचा आहे. आपल्या बीकरमध्ये सोडियम आणि ॲसिटेट आयनांची गर्दी आहे, आणि गर्दीत ॲसिटेट आपल्या संख्येपेक्षा थोडं कमी प्रभावी ठरतं. तेवढ्याने पीएच खाली सरकतो. द्रावण आणखी पातळ केलं की फरक कमी होतो.

ही युक्ती सगळ्याच आम्लांना चालत नाही. आम्ल जरा तीव्र असेल, तर त्याचा बराच भाग आपणहूनच फुटलेला असतो, आणि निम्मा सोडा टाकल्यावर निम्मं-निम्मं हे गणित जुळत नाही. उलट बोरिक आम्ल इतकं दुबळं, की पीएचची उडीच दिसत नाही; मग निम्मं कशाचं काढणार?

व्हिनेगरऐवजी लिंबू पिळून पाहायचा मोह होतो. पण त्यातल्या सायट्रिक आम्लाला सोडायला तीन हायड्रोजन असतात, आणि त्यांचे आकडे साधारण ३.१, ४.८ आणि ६.४ असे जवळजवळ. पहिला पुरता संपायच्या आत दुसरा सुटू लागतो. वक्रावर तीन पायऱ्यांऐवजी एक लांबलचक उतार मिळतो आणि शेवटी एकच उडी.