मीटिंग संपली, रेकॉर्डिंग कुठे गेलं?

ऑनलाइन तासाची किंवा बैठकीची लिंक उघडावी आणि काळ्या चौकटीत ‘व्हिडिओवर अजून प्रोसेसिंग सुरू आहे, थोड्या वेळाने पाहा’ अशा अर्थाचा संदेश यावा, हा अनुभव आता कॉलेजांपासून सोसायट्यांच्या सभांपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. अशा वेळी पहिली धास्ती वाटते ती रेकॉर्डिंग झालंच नाही की काय याची. बहुतेक वेळा परिस्थिती नेमकी उलट असते. रेकॉर्डिंग झालेलं असतं आणि आपल्या जागी जाऊन बसलेलंही असतं. तयार व्हायच्या राहिलेल्या असतात त्या ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर चालतील अशा त्याच्या प्रती. हा फरक समजला की बरीच धावपळ वाचते.

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एखाद्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकांनी सकाळी 11 वाजता गूगल मीटवर तास ठेवला. निमंत्रण त्यांनी कॉलेजच्या खात्यावरून पाठवलं. रेकॉर्डिंगचं बटण मात्र सहकारी शिक्षकांनी 11 वाजून 5 मिनिटांनी दाबलं, कारण मॅडम स्लाइड दाखवण्यात गुंतल्या होत्या. 12 वाजता तास संपला. दुपारी मुलांनी लिंक मागितली, आणि लिंकवर ‘प्रोसेसिंग’.

तास चालू असताना नेमकं काय घडत होतं, इथून सुरुवात करायला हवी. ऑनलाइन बैठकीचा ‘एक व्हिडिओ’ असा कुठेच नसतो. प्रत्येकाच्या लॅपटॉपवरून आणि फोनवरून आवाज आणि चित्र यांचे वेगवेगळे प्रवाह निघतात. आवाज साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, चित्राचेही तुकडे होतात, आणि हे सगळं मध्यस्थ सर्व्हरकडे जातं. सर्व्हर ते ज्याला हवं त्याला पुढे धाडतो. वाटेत काही तुकडे हरवतात, काही उशिरा पोचतात. कोणाचं नेटवर्क मंदावलं की त्याच्या चित्राचा दर्जा मधेच उतरतो. थेट बोलताना हे चालून जातं, कारण पुढचा शब्द वेळेवर ऐकू येणं तिथे जास्त महत्त्वाचं असतं. रेकॉर्डिंगला मात्र हे सगळे प्रवाह एका घड्याळावर आणावे लागतात. कोण बोलत होतं, पडद्यावर काय दाखवलं जात होतं, हे पाहून त्यांतून एकच चित्र आणि एकच आवाज जुळवावा लागतो. हे काम करणाऱ्या सर्व्हरला संभाषण उलगडून पाहता यायलाच हवं. म्हणूनच झूमवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन चालू केलं, की क्लाउड रेकॉर्डिंगची सोय बंद होते.

आता 12 वाजतात आणि मॅडम बाहेर पडतात. पण मीटचं रेकॉर्डिंग थांबतं ते कोणी बटण दाबून बंद केलं तर, किंवा सगळे बाहेर पडले तर. आपल्या तासाला एका मुलाचा फोन खिशात तसाच चालू राहिला आणि तो 12 वाजून 40 मिनिटांनी बाहेर पडला, असं धरा. 55 मिनिटांचं रेकॉर्डिंग 95 मिनिटांचं झालं, आणि त्यातली 40 मिनिटं रिकाम्या चौकटीची. दर सेकंदाला 25 चित्रं धरली तर 55 मिनिटांत 82,500 चित्रं होतात. 95 मिनिटांत 1,42,500. पुढच्या प्रत्येक टप्प्यात ही सगळी चित्रं एकेक करून उलगडायची आणि पुन्हा बांधायची असतात, मग त्यांत कोणी असो वा नसो. ‘तास तर तासाभराचाच होता, मग इतका वेळ का?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. तास घेणाऱ्याने नुसतं बाहेर न पडता सर्वांसाठी कॉल संपवण्याचा पर्याय निवडला, तर हे टळतं.

कॉल संपल्यावर पहिला टप्पा सुरू होतो, फाइल पूर्ण करण्याचा. शेवटी हाती येते ती .mp4 फाइल. तिच्यात चित्र आणि आवाज यांच्याबरोबर एक सूचीही असते: अमुक सेकंदाचं चित्र फाइलमध्ये कुठे आहे, त्याच्या जोडीचा आवाज कुठे आहे, एकूण लांबी किती. पुस्तकाची सगळी पानं लागल्याशिवाय अनुक्रमणिका छापता येत नाही, तशीच ही सूचीही रेकॉर्डिंग संपल्याशिवाय पुरी होत नाही. ती नसेल तर फाइलमध्ये शेकडो एमबी मजकूर असूनही प्लेअरला कुठून सुरुवात करायची हे कळत नाही. अर्धवट तुटलेली .mp4 फाइल उघडतच नाही, त्यामागे बहुधा हेच कारण असतं.

हा टप्पा आपल्याच संगणकावर घडताना पाहायचा असेल, तर झूमवर क्लाउडऐवजी स्वतःच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करून पाहावं. बैठक संपताच रूपांतराची एक पट्टी हळूहळू पुढे सरकताना दिसते. ती पुरी होण्याआधी लॅपटॉप बंद केला, तर फोल्डरमध्ये .mp4 ऐवजी `double_click_to_convert_01.zoom` अशा नावाची फाइल उरते. ती पाहून अनेकांना रेकॉर्डिंग बिघडलं असं वाटतं आणि ते ती पुसून टाकतात. ती कधीही पुसू नये. नावातच सांगितल्याप्रमाणे तिच्यावर दोनदा क्लिक केलं, की राहिलेलं रूपांतर पुन्हा सुरू होतं. झूमच्या क्लाउडवर हेच काम त्यांच्या सर्व्हरवर होतं. झूमच्याच माहितीनुसार त्याला सर्वसाधारणपणे बैठकीच्या दुप्पट वेळ लागतो आणि गर्दी असेल तेव्हा 24 तासांपर्यंतही थांबावं लागू शकतं. बैठका, तास, वर्ग बहुतेक वेळा तासाच्या ठोक्यालाच संपतात, त्यामुळे शेकडो रेकॉर्डिंग एकदमच रांगेत येऊन उभी राहतात, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

नाशिकच्या तासाची फाइल पूर्ण झाली की ती गूगल ड्राइव्हमध्ये जाते. जाते म्हणजे कोणाच्या ड्राइव्हमध्ये? बटण दाबणाऱ्या सरांच्या नव्हे, तर निमंत्रण पाठवणाऱ्या मॅडमच्या. त्यांच्या My Drive मध्ये Meet Recordings नावाचा फोल्डर तयार झालेला असतो, फाइल तिथे बसते आणि जागाही त्यांच्याच खात्यातली व्यापते. लिंकचा ईमेल मात्र दोघांनाही येतो, म्हणून सरांना आपल्याकडेच फाइल आहे असं वाटत राहतं. प्रत्यक्षात ती जगातल्या कुठल्या खोलीत आहे असं विचारलं, तर एका खोलीत नाही हेच उत्तर आहे. गूगल अशा फाइलचे तुकडे करतं, प्रत्येक तुकडा वेगळ्या किल्लीने कुलूपबंद करतं आणि अनेक यंत्रांवर ठेवतं. लिंक म्हणजे या तुकड्यांपर्यंत नेणारा पत्ता. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली तरी हा पत्ता बदलत नाही.

दुसरा टप्पा आता सुरू होतो, आणि लिंकवरचा तो संदेश बहुधा याच टप्प्याचा असतो. सेकंदाला सरासरी 1 मेगाबिट धरलं, तरी 55 मिनिटांची फाइल सुमारे 410 एमबीची होते. एखादा मुलगा ती गावाकडे, मोबाइलच्या कमकुवत सिग्नलवर पाहणार असतो. त्याला आहे तीच फाइल तशीच पाठवली तर ती अडखळत राहील. म्हणून ड्राइव्ह मूळ फाइलला हात न लावता तिच्या वेगवेगळ्या आकारांच्या प्रती तयार करतं, उदाहरणार्थ 720, 480 आणि 360 ओळींच्या. पाहताना नेट मंदावलं की प्लेअर लहान प्रतीकडे वळतो आणि वेग वाढला की मोठ्या प्रतीकडे परततो. अनेकदा लहान प्रत आधी तयार होते. त्यामुळे सुरुवातीला व्हिडिओ चालतो, पण फळ्यावरची अक्षरं पुसट दिसतात, आणि तासाभराने तीच लिंक स्वच्छ दिसायला लागते. पुसट चित्र पाहून रेकॉर्डिंग खराब झालं असा निष्कर्ष लगेच काढू नये.

या टप्प्यात मूळ फाइल आधीच ड्राइव्हमध्ये असते, हीच यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. प्लेअरमध्ये चालत नसली तरी Download करून ती उतरवता येते आणि आपल्या संगणकावर लगेच पाहता येते. फाइल मोठी असेल तर गूगल ‘या फाइलची व्हायरस-तपासणी करता येत नाही’ असं बजावतं. इतक्या मोठ्या फाइलसाठी तो नेहमीचाच इशारा आहे. आपल्याच कॉलेजच्या तासाचं रेकॉर्डिंग असेल तर घाबरायचं कारण नाही. मालकाने पाहणाऱ्यांसाठी डाउनलोड बंद ठेवलं असेल, तर मात्र हे त्यालाच करावं लागेल.

आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे ओळखणं सोपं आहे. फोल्डरमध्ये फाइलच दिसत नसेल, तर पहिला टप्पा चालू आहे. फाइल आहे, तिच्या माहितीत शेकडो एमबींचा आकार दिसतो, पण व्हिडिओ चालत नाही, तर दुसरा. आणि लिंक उघडल्यावर परवानगी मागायला सांगितलं जात असेल, तर प्रोसेसिंगचा त्याच्याशी संबंधच नाही. मालकाने फाइल आपल्याला दाखवायची राहिली आहे. पान पुन्हा पुन्हा उघडून काम लवकर होत नाही. पूर्ण दिवस उलटूनही दुसरा टप्पा सरकत नसेल, तर फाइल उतरवून आपल्याकडे नीट चालते का ते पाहावं आणि ती नव्याने अपलोड करावी. म्हणजे प्रती बनवण्याचं काम पहिल्यापासून सुरू होतं. मात्र नव्या फाइलची लिंक नवी असते. ती सगळ्यांना पुन्हा पाठवावी लागते. जुनी फाइल नवी चालू झाल्याशिवाय काढू नये. घाईने काढली गेलीच, तर ती ड्राइव्हच्या कचरापेटीत 30 दिवस मिळू शकते.

शेवटी पुन्हा मालकीकडे येऊ, कारण रेकॉर्डिंग खरोखर हरवतात ती बहुधा तिथे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिका वर्षअखेरीस कॉलेज सोडतात, त्यांचं खातं बंद करून काढून टाकलं जातं आणि फाइल कोणाच्या नावावर केली नसेल तर वर्षभराची सगळी रेकॉर्डिंगही त्या खात्याबरोबर जातात. लिंक मात्र मुलांच्या वह्यांत आणि ग्रुपवर तशीच राहते. महत्त्वाचं रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात संस्थेच्या सामाईक ड्राइव्हमध्ये हलवून घ्या, निदान एक प्रत उतरवून ठेवा. आणि जुनं रेकॉर्डिंग शोधायची वेळ आली, तर बटण कोणी दाबलं होतं हे विचारत बसू नका. निमंत्रण कोणाच्या खात्यावरून गेलं होतं, ते आधी विचारा.