धातू भार घेतो आणि हाड विरते

खुब्याचा सांधा बदलून आठ-दहा वर्षे झालेल्या रुग्णाचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले, एक शस्त्रक्रियेनंतरचा आणि एक आजचा, तर कधी कधी एक गोष्ट नजरेत भरते. मांडीच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा दांडा जागचा हललेला नसतो. रुग्ण विनातक्रार चालत असतो. पण दांड्याच्या वरच्या टोकाशी, आतल्या बाजूला, जिथे हाडाची कड जाड आणि टोकदार होती, तिथे ती गोलसर, पातळ आणि फिकट झालेली असते. शल्यचिकित्सक दांड्याभोवतीच्या हाडाचे सात भाग पाडून पाहतात. झीज बहुधा सर्वांत आधी या सातव्या भागात दिसते. साध्या एक्स-रेवर ती डोळ्यांना कळेपर्यंत तिथले सुमारे तीस टक्के खनिज गेलेले असते. त्याआधी ती पकडायची, तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लागते.

इथे ना जंतुसंसर्ग असतो ना धातूची ॲलर्जी. हाड जिवंत असते आणि सतत स्वतःला मोडून पुन्हा बांधत असते. जिथे ताण पडतो तिथे बांधकाम वाढते, जिथे पडत नाही तिथे मोडणे वरचढ ठरते. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये हा नियम मांडला. अंतराळवीरांची हाडे विरळ होतात ती याच कारणाने. खुब्यात मात्र वजन शरीरावर रोज पडत असते, तरी ते त्या हाडापर्यंत पोहोचत नाही, कारण शेजारचा धातू ते परस्पर उचलतो. याला ‘स्ट्रेस शिल्डिंग’ म्हणतात. धातू हाडाची ढाल बनतो आणि त्या ढालीमुळेच हाड क्षीण होते.

धातू जास्त भार का उचलतो? दोन वस्तू एकमेकींना घट्ट चिकटून एकत्र वाकत असतील, तर जी अधिक ताठ असते तिच्या वाट्याला अधिक भार येतो. पदार्थाचा ताठपणा गिगापास्कलमध्ये मोजतात. मांडीच्या हाडाचे घट्ट कवच साधारण 17 गिगापास्कलचे असते. खुब्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे टायटॅनियमचे मिश्रधातू, ज्यात सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असते, ते सुमारे 110 चे. कोबाल्ट-क्रोमियम त्याच्या दुप्पट, 220 च्या आसपास.

आता हिशेब करू. हाडाची बाहेरची जाडी 28 मिलिमीटर, आतल्या पोकळीत घट्ट बसलेला दांडा 16 मिलिमीटरचा. फक्त वाकवणारा भार धरला, तर कोबाल्ट-क्रोमियमच्या दांड्याभोवती हाडाच्या वाट्याला सुमारे 39 टक्के येतात, टायटॅनियमभोवती 56 टक्के. 60 गिगापास्कलचा एखादा मवाळ मिश्रधातू वापरला, तर 70 टक्के. इथवर पाहिले तर उत्तर सोपे वाटते: जितका हाडासारखा पदार्थ, तितके बरे.

पण याच हिशेबात दांड्याची जाडी बदलून पाहा. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे 12 मिलिमीटरचा दांडा 18 चा केला, तर तो पाचपट ताठ होतो. पोकळी अरुंद आणि कवच जाड असलेल्या हाडात 12 चा टायटॅनियम दांडा बसला, तर हाडाला 82 टक्के भार मिळतो. पोकळी रुंद आणि कवच पातळ असलेल्या हाडात त्याच धातूचा 18 चा दांडा लागला, तर 43 टक्केच. अशी रुंद, पातळ कवचाची हाडे वयस्क रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत अधिक आढळतात. ज्यांच्याकडे गमवायला हाड कमी, त्यांनाच जाड दांडा लागतो. हा हिशेब दांड्याच्या मध्यभागाचा आहे. वरच्या टोकाशी चित्र आणखी वाईट असते, कारण दांडा खालपर्यंत पक्का धरला गेला असेल, तर बराच भार वरचे हाड टाळून धातूतूनच खाली उतरतो.

मग दांडा हाडाइतकाच लवचिक का करू नये? हा प्रयोग होऊन गेला आहे. स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट मॅथिस यांनी 1973 मध्ये पॉलिॲसिटल या प्लास्टिकचा, आत धातूचा गाभा असलेला दांडा आणला. त्याचा ताठपणा हाडाशी मुद्दाम जुळवला होता. बऱ्याच रुग्णांत तो सैल झाला. नेदरलँड्समधील नाइमेखनच्या रिक हाउस्केस आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये संगणकी गणिताने यातली मेख दाखवली. दांडा लवचिक केला की भार तो खालपर्यंत नेत नाही, वरच्या भागातच हाडाकडे सोपवतो. त्यामुळे वरचे हाड टिकते, पण दांडा आणि हाड यांच्या सीमेवरचा ताण तिथे वाढतो आणि ती जागा सरकू लागते. हाड धातूच्या खडबडीत पृष्ठभागात शिरून रुजायचे, तर त्या सीमेवरची हालचाल साधारण 50 मायक्रॉनच्या आत राहावी लागते. ती 150 च्या पुढे गेली की हाडाऐवजी तंतुमय पापुद्रा तयार होतो आणि दांडा सैलच राहतो. ताठ दांडा हाड खातो, लवचिक दांडा पकड सोडतो, आणि निवड या दोहोंच्या मध्ये करायची असते.

म्हणून पदार्थ निवडताना ताठपणा हा एकच आकडा पुरत नाही. नायोबियम, टँटलम आणि झिर्कोनियम मिसळून जपानमध्ये मित्सुओ निनोमी यांच्या गटाने सुमारे 60 गिगापास्कलचे टायटॅनियम मिश्रधातू घडवले. त्यात व्हॅनेडियम आणि ॲल्युमिनियमही नाही. पण त्याच्या सर्वांत मऊ अवस्थेत वारंवार वाकून न तुटण्याची ताकद कमी पडते. उष्णतेचे संस्कार करून ती वाढवली की ताठपणाही वाढतो. मॉलिब्डेनमचा सुमारे 80 गिगापास्कलचा एक मिश्रधातू बाजारात आला, तेव्हा अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. दांड्याच्या मानेवर कोबाल्ट-क्रोमियमचा गोळा बसतो त्या निमुळत्या सांध्यात, विशेषतः मोठ्या गोळ्यांबरोबर, झीज आणि गंज आढळू लागले. छपाईने घडवलेल्या जाळीदार टायटॅनियमलाही हीच मर्यादा आहे. सत्तर टक्के पोकळ जाळीचा ताठपणा दहा गिगापास्कलपर्यंत उतरतो, हाडही आत छान रुजते. पण वारंवार भार झेलण्याची ताकद त्याहून वेगाने घटते. म्हणून अशी जाळी खुब्याच्या वाटीत किंवा दांड्याच्या वरच्या थरात वापरतात, भार वाहणारा गाभा भरीवच ठेवतात.

सर्वांत भरवशाचे उपाय आकारात सापडले आहेत. दांडा खाली निमुळता करायचा, टोकाला खाच द्यायची, लांबी कमी करायची, आणि हाड रुजवणारा खडबडीत लेप फक्त वरच्या भागावर द्यायचा, म्हणजे भार वरच हाडात उतरतो. कोबाल्ट-क्रोमियमच्या जाड, पूर्ण लेपाच्या दांड्यांपेक्षा असे निमुळते टायटॅनियम दांडे हाड बरेच जास्त राखतात.

रुग्णासाठी एक फरक ओळखणे महत्त्वाचे आहे. स्ट्रेस शिल्डिंगने हाड पातळ झाले, तरी दांडा पक्का असू शकतो, आणि असे असंख्य सांधे दशकानुदशके चांगले चालतात. चालताना मांडीत नव्याने दुखू लागणे, दांडा खाली सरकणे, त्याच्याभोवती काळी रेघ रुंदावत जाणे, या सैलपणाच्या खुणा आहेत. पातळ हाडाची किंमत मोजावी लागते ती पडून हाड मोडले किंवा सांधा पुन्हा बदलावा लागला तेव्हा. पक्का रुजलेला दांडा काढताना उरलेले हाड फुटते आणि नव्या दांड्याला धरायला जागा उरत नाही. म्हणूनच हा प्रश्न पन्नाशीत सांधा बदलणाऱ्यांसाठी अधिक गंभीर आहे. त्यांच्या हयातीत दुसरी शस्त्रक्रिया होण्याची शक्यता जास्त. पहिला दांडा निवडताना ‘हा किती टिकेल’ याबरोबरच ‘हा काढायची वेळ आली तर हाड किती उरलेले असेल’ हेही शल्यचिकित्सकाला विचारायला हवे.